फरक आढळला नाही, म्हणजे नेमका किती आढळला नाही?

व्हायवा संपत आली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी थिसिस मिटला, चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे तीन वर्षं फवारणी केलीत आणि काहीच मिळालं नाही, असंच ना?" मुलीने मान खाली घातली. "हो सर," ती म्हणाली.

ते "हो सर" मला अजून टोचतं. ते उत्तर चुकीचं होतं. तिला बरंच काही मिळालं होतं, फक्त तिने ते लिहिलं नव्हतं. आणि ते कसं लिहायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी त्या वेळी संख्याशास्त्राची सहमार्गदर्शक म्हणून तिथे बसले होते.

गोव्यात दरवर्षी शेती, मासे, आरोग्य, पाणी या विषयांवर कितीतरी प्रबंध लिहिले जातात. त्यातल्या अनेकांत अपेक्षित फरक दिसत नाही. मग दोनपैकी एक होतं. एक तर गोषवाऱ्यात एक ओशाळलेलं वाक्य येतं, नाहीतर फरक दिसल्याचा आव आणला जातो. दोन्हींत वाचकाचं नुकसान आहे, आणि हा वाचक बहुतेक वेळा शेतकरी, कृषी अधिकारी किंवा पुढच्या वर्षी तोच प्रयोग पुन्हा करायला निघालेला विद्यार्थी असतो. माझं म्हणणं असं की न दिसलेल्या फरकाचं मोजमाप गोषवाऱ्यात द्यायला लावणं ही परीक्षकांची आणि विद्यापीठांची जबाबदारी आहे.

आता त्या मुलीचं काम सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील आणि आकडे बदलले आहेत. हिशेबाची रीत तीच आहे.

तिसवाडीतल्या खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या, शेतांत, खाऱ्या पाण्याला टिकणाऱ्या कोरगूट भातावर, समुद्री शेवाळाच्या अर्काची फवारणी केली तर उत्पन्न वाढतं का, हा प्रश्न होता. शेतं २०. प्रत्येक शेताच्या एका भागात फवारणी, शेजारच्या भागात नुसतं पाणी. फवारणी दोनदा, एकदा फुटवे येताना आणि एकदा पीक पोटरीला येताना. कापणीला दोन्ही भागांतून पाच मीटर बाय पाच मीटरचा तुकडा कापून, झोडून, वाळवून वजन घेतलं. एकाच शेताचे दोन भाग एकमेकांशी ताडल्यामुळे कुणाची जमीन चांगली, कुणाचा बांध फुटका, हा घोळ बराचसा निघून जातो. रचना चांगली होती.

निकाल असा: फवारलेल्या भागात हेक्टरी सरासरी ५० किलो भात जास्त. शेताशेताप्रमाणे या फरकाचं प्रमाण विचलन, म्हणजे तो किती विखुरलेला होता याचं माप, ४०० किलो. पी-मूल्य, म्हणजे खरा फरक शून्य असतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.५८.

तिने गोषवाऱ्यात लिहिलं होतं: "फवारणीमुळे उत्पन्नात सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय वाढ झाली नाही (पी > ०.०५). मात्र फुटव्यांच्या संख्येत लक्षणीय वाढ दिसली. या अर्काचा उपयोग होण्याची शक्यता असून अधिक संशोधनाची गरज आहे."

हे वाक्य वाचून शेतकऱ्याने काय करावं? फवारावं की नको? त्यातून काहीच कळत नाही. पी-मूल्य ०.०५ या रूढ उंबरठ्यापेक्षा मोठं निघालं, एवढंच कळतं. पण ते दोन अगदी वेगळ्या कारणांनी मोठं निघू शकतं. खरोखरच फरक नगण्य असेल तर, किंवा प्रयोग इतका लहान, इतका विस्कळीत असेल की मोठा फरकही त्यातून दिसणार नाही तर. पी-मूल्याला ही दोन कारणं वेगळी करता येत नाहीत. ऑल्टमन आणि ब्लँड या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका छोट्या टिपणात नेमकं हेच सांगितलं होतं: पुरावा नसणं म्हणजे फरक नसल्याचा पुरावा नव्हे. तीस वर्षं झाली, तरी आपल्या प्रबंधांत "लक्षणीय फरक नाही" आणि "फरक नाही" ही वाक्यं एकमेकांच्या जागी सर्रास येतात.

ही दोन कारणं वेगळी करायला विश्वासमर्यादा लागते. ५० किलो ही तिच्या २० शेतांची सरासरी. वीसच शेतं असल्यामुळे त्या सरासरीत प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासरीची अनिश्चितता, सुमारे ८९ किलो. त्यावरून ९५ टक्क्यांची मर्यादा काढली तर ती उणे १३७ पासून अधिक २३७ किलोपर्यंत येते. साध्या भाषेत, तिच्या आकड्यांशी सुसंगत असलेला खरा फरक १३७ किलो घट ते २३७ किलो वाढ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. हा आकडा तिच्या थिसिसच्या चौथ्या प्रकरणातल्या एका तक्त्यात होता. गोषवाऱ्यात नव्हता, चर्चेतही नव्हता.

आता प्रश्न असा की २३७ किलो म्हणजे जास्त की कमी? हे संख्याशास्त्र सांगू शकत नाही. ते शेतकऱ्याच्या खिशावर ठरतं. अर्क, दोन फवारण्या आणि मजुरी मिळून हेक्टरी ६,००० रुपये खर्च धरला आणि भाताला किलोला २४ रुपये मिळाले, तर खर्च भरून यायलाच २५० किलो जादा भात पिकायला हवं. म्हणजे २५० च्या खाली कितीही वाढ झाली तरी शेतकरी तोट्यात.

आणि तिची वरची मर्यादा आहे २३७. फवारणीच्या बाजूने जितकं उदार होता येईल तितकं झालो, तरी खर्च निघत नाही. हे "काहीच मिळालं नाही" कसं? त्या भावात आणि त्या खर्चात फवारणी करू नका, असं सांगण्याइतकं ठाम उत्तर तिच्याकडे होतं.

मग गोषवारा कसा हवा होता? मी आज तो असा लिहायला लावीन: "खाजन शेतांतील कोरगूट भातावर शेवाळ अर्काच्या दोन फवारण्या केल्यास हेक्टरी उत्पन्न खर्च भरून काढण्याइतके (२५० किलो) वाढते का, हे २० शेतांत जोडीने तपासले. सरासरी फरक ५० किलो (९५ टक्के विश्वासमर्यादा −१३७ ते २३७) आला. गृहीत धरलेल्या खर्चात व भावात फवारणी परवडेल इतकी वाढ या आकड्यांशी सुसंगत नाही. मात्र त्याहून लहान वाढ किंवा घट नाकारता येत नाही."

या गोषवाऱ्यात प्रश्न आकड्यासकट विचारला आहे, म्हणून त्याचं उत्तर नकारार्थी असलं तरी ते उत्तरच वाटतं. "वाढते का?" असं मोघम विचारलं तर "माहीत नाही" हेच येणार. "लक्षणीय" हा शब्द या गोषवाऱ्यात एकदाही नाही, आणि तो नसल्याने काही अडत नाही. शेवटचं वाक्यही सोडायचं नाही. फवारणीचा परिणाम शून्य आहे असं तिने सिद्ध केलेलं नाही. शंभर-दीडशे किलोंची वाढ खरोखर असू शकते.

मर्यादा छापण्याचा आणखी एक फायदा आहे, तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. उद्या भाताचा भाव ३० रुपये झाला तर खर्च २०० किलोंतच भरून येतो. मग २३७ ही वरची मर्यादा त्या उंबरठ्याच्या पलीकडे जाते आणि तिचं ठाम "नको" डळमळतं. मर्यादा छापलेली असेल तर वाचक हा हिशेब स्वतः करू शकतो. नुसतं "फायदा नाही" छापलं तर भाव बदलल्याच्या दिवशी तो थिसिस मेला.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे. नकारात्मक निकाल "माहितीपूर्ण वाटेल असा" मांडायचा, म्हणजे मेकअपच नव्हे का? त्यासाठी माझी एक कसोटी आहे. समजा, तिने २० ऐवजी सहाच शेतं घेतली असती आणि सरासरी तीच ५० किलो, विचलन तेच ४०० किलो आलं असतं. मग प्रमाण त्रुटी १६३ किलो आणि मर्यादा साधारण उणे ३७० ते अधिक ४७०. पी-मूल्य येतं सुमारे ०.७७. पहिल्यापेक्षा मोठं! पी-मूल्य जितकं मोठं तितका "फरक नाही" याचा पुरावा भक्कम, असं समजणाऱ्याला हा दुसरा प्रयोग जास्त पटेल. प्रत्यक्षात त्यातून काहीच ठरत नाही. फवारणीने शेतकऱ्याचं पावणेचारशे किलो नुकसान होत असेल किंवा पावणेपाचशे किलो फायदा. अशा प्रयोगाचा गोषवारा "या आकाराच्या अभ्यासातून प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही" असाच हवा. मी वर लिहिलेलं वाक्य सहा शेतांच्या आकड्यांवर बसत नाही. म्हणूनच तो मेकअप नाही. जे वाक्य वीस शेतांनाही चालतं आणि सहालाही, तिथे मला शंका येते. "अधिक संशोधनाची गरज आहे" हे तसलं वाक्य आहे.

खरा मेकअप कसा असतो ते तिच्या मूळ गोषवाऱ्यात दिसतं: "मात्र फुटव्यांच्या संख्येत लक्षणीय वाढ दिसली." तिने उत्पन्नाखेरीज सात गोष्टी मोजल्या होत्या. फुटवे, उंची, लोंबीची लांबी, दाण्यांचं वजन वगैरे. त्यातल्या एकीचं पी-मूल्य ०.०४ आलं. एकमेकांशी संबंध नसलेली सात मोजमापं घेतली आणि कशातच खरा फरक नसला, तरी निदान एक ०.०५ च्या खाली घसरण्याची शक्यता ३० टक्के असते. भाताची मोजमापं एकमेकांशी जोडलेली असतात, त्यामुळे तिच्या बाबतीत हा आकडा थोडा वेगळा येईल, पण मुद्दा तोच. शेतकरी फुटवे विकत नाही. फुटवे वाढून उत्पन्न वाढलं नसेल तर ही गोष्ट चर्चेत एका परिच्छेदात, सातही मोजमापांसोबत सांगायची. गोषवाऱ्यात ती एकटी उचलून आणली की मुख्य निकाल झाकला जातो.

हे आपल्याकडचंच दुखणं आहे असं नाही. बुत्राँ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जामा या नियतकालिकात ७२ वैद्यकीय चाचण्यांचे अहवाल तपासले. त्या सगळ्यांत मुख्य मोजमापात फरक दिसला नव्हता. तरीही ५८ टक्के गोषवाऱ्यांच्या निष्कर्षात निकालाला असाच सोयीचा कल दिलेला आढळला. डॉक्टरांकडे वेळ नसतो, ते गोषवाराच वाचतात. आपले कृषी अधिकारीही तेच करतात.

चर्चेच्या प्रकरणाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे विद्यार्थी सगळ्यात जास्त अडखळतात. फरक दिसला नाही की ते अभ्यासाच्या उणिवांची यादी देऊ लागतात. शेतं कमी होती, वजनकाटा जुना होता, मजूर वेळेवर आले नाहीत, पाऊस अवेळी पडला. यादी जितकी लांब तितकी माफी मोठी, असा समज असतो. पण या उणिवा एका जातीच्या नसतात.

काही उणिवांनी आकडे नुसते विस्कटतात. वजनकाटा कधी थोडं जास्त दाखवतो, कधी कमी. एखाद्या शेतात उंदरांनी जास्त खाल्लं. शेतं कमी. या सगळ्यांचा परिणाम विश्वासमर्यादेत आधीच धरलेला आहे, त्यांच्यामुळेच ती मर्यादा तेवढी रुंद झाली आहे. चर्चेत त्या पुन्हा मोजल्या तर एकच दोष दोनदा वजा होतो आणि निकाल आहे त्यापेक्षा दुबळा वाटतो.

दुसऱ्या जातीच्या उणिवा फरकच खातात. फवारणी वाहून गेली, अर्क जुना होता, पाण्याच्या भागावर वाऱ्याने अर्क उडून पडला. यांतलं काहीच विश्वासमर्यादेच्या हिशेबात येत नाही. सरासरी शून्याकडे सरकते आणि मर्यादा मात्र तितकीच अरुंद राहते. चर्चेत यांनाच जागा द्यायची, आणि प्रत्येकीचं निदान कसं केलं ते सांगायचं.

तिच्या बाबतीत २० पैकी चार शेतांत दुसऱ्या फवारणीनंतर दोन-तीन तासांत पाऊस झाला होता. व्हायवानंतर आम्ही ती चार वगळून हिशेब केला. उरलेल्या १६ शेतांत सरासरी फरक ६५ किलो, मर्यादा उणे १४८ ते अधिक २७८. वरची मर्यादा २५० च्या पार गेली! तिला ते बघून वाईट वाटलं, मला उलट हायसं वाटलं, कारण आता निष्कर्षाची हद्द नेमकी कळली. गोव्याच्या पावसाळ्यात, शेतकऱ्याला जमेल तेव्हा फवारलं तर परवडत नाही, हे वीस शेतांवरून म्हणता येतं. अर्क पानावर पुरेसा वेळ टिकला तरी परवडणार नाही, हे मात्र म्हणता येत नाही. शेतकऱ्याला पहिल्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं, अर्क बनवणाऱ्याला दुसऱ्याचं. चार शेतं वगळायचा निर्णय निकाल पाहिल्यानंतर घेतला होता, हेही चर्चेत स्पष्ट लिहिलं.

आणखी एक गोष्ट तिच्या शेतात होती आणि थिसिसमध्ये कोपऱ्यात पडली होती. प्रत्येक शेतात तिने तिसरी पट्टीही आखली होती, नेहमीच्या मात्रेत युरिया घातलेली. त्या पट्टीत हेक्टरी सुमारे ४२० किलो वाढ दिसली, मर्यादा २४० ते ६००. नकारात्मक निकालाच्या चर्चेत याहून उपयोगी दुसरा परिच्छेद नाही. त्याच शेतांत, त्याच काट्यावर, त्याच मजुरांच्या हातून खरा फरक दिसू शकत होता आणि दिसला. म्हणजे शेवाळाचा मोठा परिणाम असता तर तोही नजरेतून निसटला नसता.

"मग या अभ्यासाची सांख्यिकीय शक्ती किती होती?" हा प्रश्नही परीक्षक विचारतात, आणि विद्यार्थी मिळालेल्या सरासरीवरूनच शक्ती, म्हणजे खरा फरक असेल तर तो टिपला जाण्याची शक्यता, काढून देतात. हा हिशेब निरर्थक आहे. त्या पद्धतीने काढलेली शक्ती म्हणजे पी-मूल्यच वेगळ्या कपड्यांत. पी मोठं असेल तर ती कमीच येणार. शक्तीचा हिशेब प्रयोगाआधी करायचा असतो, २५० किलोंचा फरक टिपायला किती शेतं लागतील हे ठरवण्यासाठी. प्रयोग झाल्यावर तिचं काम विश्वासमर्यादा करते.

गोव्यातलंच एक मोठं उदाहरण आहे. प्राथमिक आरोग्य सेवेत येणाऱ्या नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी आधार दिला तर ते बरे होतात का, हे "मानस" नावाच्या चाचणीत तपासलं गेलं. (आमच्या खाजनांत बांधाच्या पाणदरवाजालाही मानस म्हणतात, त्यामुळे ते नाव माझ्या लक्षात राहिलं.) विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा हा अहवाल २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आला. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी समुपदेशनाच्या गटातले सुमारे ६६ टक्के बरे झाले होते, दुसऱ्या गटातले सुमारे ४३ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही, ६४ टक्के विरुद्ध ६६ टक्के.

तो खासगी दवाखान्यांचा निकाल गोषवाऱ्यातच, टक्केवारी आणि मर्यादेसकट दिला आहे, म्हणून तो इतका बोलतो. खासगीकडे समुपदेशकाशिवायही ६६ टक्के बरे होत होते. सरकारी केंद्रांत समुपदेशकांसह जिथवर पोचता आलं, जवळजवळ तिथेच खासगी रुग्ण आधीपासून होते. नुसतं "खासगी दवाखान्यांत लक्षणीय फरक नाही" लिहिलं असतं तर "समुपदेशन तिथे चालत नाही" असा चुकीचा अर्थ निघाला असता. तुलनेच्या गटाचा आकडा समोर असल्यामुळे, सुधारायला जागा कुठे आहे हा पुढचा प्रश्न आपसूक सुचतो. त्याच वेळी तिथल्या जोखीम-गुणोत्तराची, म्हणजे दोन गटांत बरे होण्याच्या प्रमाणांच्या गुणोत्तराची, मर्यादा ०.७४ ते १.२२ आहे, म्हणजे मध्यम आकाराचा फायदा किंवा तोटा दोन्ही शक्य राहतात. हेही वाचकाला दिसतं.

म्हणून माझी मागणी संशोधनाच्या आराखड्यापासून सुरू होते. विद्यार्थी सिनॉप्सिस मांडतो तेव्हाच त्याला विचारा: किती फरक पडला तर तुझ्या वाचकाचा निर्णय बदलेल? तो आकडा आणि त्याचं कारण तिथेच लिहून घ्या. निकाल आल्यावर ठरवलेला उंबरठा कुणीही आपल्या सोयीने सरकवू शकतो. तिचे २५० किलो आम्ही नंतर काढले होते, आणि तसं तिला चर्चेत लिहावं लागलं, ही त्या कामातली खरी कमतरता होती. गोषवाऱ्यात मुख्य मोजमापाचा फरक आणि त्याची मर्यादा नसेल तर थिसिस परत पाठवा, निकाल कुठल्याही बाजूचा असो. आणि व्हायवाला "काहीच मिळालं नाही का?" असं विचारू नका. "कुठला फरक आता नाकारता येतो?" असं विचारा.

थिसिस मंजूर झाल्यावर ती चोडणला, ज्यांच्या शेतात प्रयोग केला होता त्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला निकाल सांगायला गेली. तिने २५० किलोंचा हिशेब मांडला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "पण बाय, माझा मुलगाच फवारतो. मजुरी कुठे द्यावी लागते मला?"

मजुरी काढली तर खर्च ३,५०० रुपयांवर येतो, म्हणजे १४६ किलो. तो आकडा तिच्या मर्यादेच्या आत पडतो. "मग तुमच्यासाठी माझ्याकडे अजून उत्तर नाही," ती म्हणाली. पेपर पाठवण्यापूर्वी तिने ते वाक्य चर्चेत घातलं: घरच्या श्रमावर फवारणी करणाऱ्यांसाठी हा अभ्यास निर्णायक नाही, आणि तो प्रश्न सोडवायला २० शेतं पुरणार नाहीत.